मोफत फ्लू लसीकरण शिबिराची सूचना कशी लिहावी : उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

विदर्भातील एखाद्या उपकेंद्रात आपण समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आरोग्यसेविका म्हणून नव्याने रुजू झाला असाल आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून फ्लूच्या लसीचा साठा मिळणार असल्याचा निरोप आला असेल, तर लस येण्यापूर्वीच आपल्याला शिबिराची सूचना लिहावी लागते. बहुतेक ठिकाणी हे काम पाच मिनिटांत उरकले जाते. जुन्या सूचनेतील तारीख बदलली जाते आणि “तरी सर्व ग्रामस्थांनी शिबिराचा लाभ घ्यावा” हे वाक्य तसेच ठेवून कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतो. शिबिराच्या दिवशी गावातील धडधाकट तरुण सर्वांत आधी रांगेत उभे राहतात, सातव्या महिन्यातील गरोदर स्त्री घरीच थांबते, कारण हे बोलावणे आपल्यासाठी आहे असे तिला कोणी सांगितलेले नसते, आणि शुगरचे रुग्ण रक्ततपासणी असेल असे समजून उपाशीपोटी येतात. या तिन्ही गोष्टींचे मूळ सूचनेच्या मजकुरात असते आणि तिन्ही तेथेच दुरुस्त करता येतात.

आधी डोस मोजा, मग यादी काढा

सूचना लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला किती डोस मिळणार आहेत हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून निश्चित करून घ्यावे आणि ही लस कोणत्या वयापासून व किती मात्रेत द्यायची ते पेटीतील माहितीपत्रकावरून त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. फ्लूची लस सहा महिन्यांखालील बाळाला देत नाहीत. त्यापुढच्या लहान मुलांना ती देता येते, परंतु आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला पहिल्यांदाच लस दिली जात असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दुसऱ्या डोसाची सोय नसेल, तर “हे शिबिर फक्त मोठ्या माणसांसाठी आहे” असे सूचनेत स्पष्ट लिहावे. अन्यथा आया मुलांना कडेवर घेऊन दोन कोस चालत येतात आणि त्यांना परत पाठवावे लागते, आणि अशी परत गेलेली आई पुढच्या वेळी बाळाच्या नेहमीच्या लसीलाही कुरकुरतच येते.

आता यादीकडे वळू. समजा यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्राखाली तीन गावे आणि एक पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, मिळून सुमारे ३,००० लोकसंख्या आहे आणि १५० डोस मिळणार आहेत. आशा ताईंच्या नोंदवहीत चौथा महिना लागलेल्या व त्यापुढील २२ गरोदर माता आहेत, सिकलसेलचे ६ रुग्ण आहेत, दमा किंवा जुनाट श्वसनविकार असलेले १४ जण आहेत, आणि आरोग्यसेविका, आशा, अंगणवाडी सेविका धरून ८ कर्मचारी आहेत. ही बेरीज ५० होते. शुगरचे नोंदणीकृत रुग्ण ९० आहेत, म्हणजे १४० झाले. १० डोस ऐन वेळी समोर येणाऱ्यांसाठी राखून ठेवावे लागतात, कारण माहेरपणाला आलेली गरोदर मुलगी आपल्या यादीत कधीच नसते.

येथे एक कठीण निर्णय उरतो. ज्यांना केवळ बीपीचा त्रास आहे ते आणि साठी ओलांडलेले वृद्ध यांनाही फ्लूचा धोका अधिक असतो, पण ३,००० लोकवस्तीत त्यांची संख्या काही शेकड्यांत जाते. सूचनेत “६० वर्षांवरील सर्व” असे लिहिले की १५० डोस पहिल्या तासाभरातच संपतील आणि ज्या मातांसाठी साठा मागवला त्यांना मिळणार नाही. कोणाला आधी द्यायचे हा निर्णय आपण एकट्याने घेऊ नये. वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ही यादी ठेवावी, त्यांचा क्रम लेखी घ्यावा आणि सूचनेत तोच क्रम उतरवावा. उरलेल्यांची नावे पुढील साठ्यासाठी नोंदवून घेतली जातील, हेही सूचनेत असले पाहिजे. नाव नोंदवले गेले की माणूस रागावून परत जात नाही.

दिवस आणि वेळ

लस घेतल्यानंतर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूचे रुग्ण वाढतात, म्हणून शिबिर पावसाच्या आधी झालेले बरे. जूनच्या पहिल्या आठवड्यात लस घेतली, तर पेरणीच्या धांदलीपर्यंत आणि जूनच्या अखेरीस आपल्याकडच्या शाळा उघडेपर्यंत संरक्षण तयार झालेले असते. पुढे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाल्यावर शेतमजूर बाई रोजी बुडवून येणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

मात्र जूनच्या सुरुवातीला ऊन कडक असते. गरोदर स्त्रिया आणि म्हातारी माणसे दुपारी बारा वाजता पत्र्याच्या छताखाली रांगेत उभी राहू शकत नाहीत, आणि लसही २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. उन्हाइतकेच तिला गोठण्यापासूनही जपावे लागते, कारण गोठलेली लस निकामी होते. म्हणून वेळ सकाळी ७ ते १० ठेवावी आणि सूचनेत प्रत्येक वस्तीला तिचा स्वतंत्र तास द्यावा. १५० जण तीन तासांत म्हणजे तासाला ५० होतात. प्रत्येकाला लस घेतल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवायचे असते, त्यामुळे कोणत्याही क्षणी सुमारे २५ माणसे सावलीत बसलेली असतील. तेवढी सतरंजी, तेवढे पाणी आणि तेवढी सावली जेथे आहे तेच ठिकाण सूचनेत लिहावे. उपकेंद्राचा व्हरांडा बहुधा पुरत नाही. समाज मंदिर किंवा शाळेची खोली पुरते. आठवडी बाजाराचा दिवस शिबिरासाठी टाळावा. बाजारात निरोप मात्र चांगला पसरतो, तेव्हा बाजारानंतर एक-दोन दिवसांनी शिबिर ठेवावे.

कोणी यावे, हे लिहिताना

सूचनेचा हा भाग सर्वांत वर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत असावा, आणि त्यात आजारांची नावे लोक दवाखान्यात येऊन जशी सांगतात तशीच लिहावीत. “सहव्याधीग्रस्त लाभार्थी” असे वाचून कोणी उठून येत नाही. “ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे” असे वाचले की माणसाला आपले नाव घेतल्यासारखे वाटते.

गरोदर मातेविषयी एक वाक्य जास्तीचे लिहावे, कारण तिला पाठवायचे की नाही हे पुष्कळदा सासू ठरवते, आणि “पोटुशी बाईला सुई कशाला” ही शंका तिच्या मनात असते. आईने लस घेतली की तिच्या शरीरातील संरक्षण काही प्रमाणात बाळालाही मिळते, आणि जन्मानंतरचे पहिले सहा महिने बाळाला स्वतःची फ्लूची लस देता येत नाही. हे कारण सासूला लगेच पटते, म्हणून ते सूचनेत असावे. राज्याच्या आरोग्य विभागाकडून गरोदर मातांना ही लस दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत दिली जाते. त्यामुळे “चौथा महिना लागलेल्या” असे स्पष्ट लिहावे आणि त्यापूर्वीच्या मातांनी आरोग्यसेविकेला भेटावे असे सांगावे.

सिकलसेलचा उल्लेख आपल्या भागातील सूचनेत वेगळा हवा. इतर जिल्ह्यांतून घेतलेल्या छापील नमुन्यात तो बहुधा नसतो, पण गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यात तो गाळणे म्हणजे ज्याला लसीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच वगळणे होय. सिकलसेलच्या रुग्णाला फ्लू झाला तर छातीत संसर्ग उतरू शकतो आणि अंगदुखीचा तीव्र झटका येऊन भरती करावे लागू शकते. येथे एक फरक सांभाळावा. ज्यांच्या कार्डावर “रुग्ण” असे आहे त्यांना बोलवायचे आहे. “वाहक” असलेली व्यक्ती सामान्यतः निरोगी असते आणि केवळ वाहक असल्यामुळे तिला प्राधान्य लागत नाही. हा फरक सूचनेत न लिहिल्यास अर्धे पोड कार्ड घेऊन येते आणि प्रत्येकाला ते पुन्हा समजावून सांगावे लागते.

त्याच ठिकाणी, लगेच खाली, कोणी त्या दिवशी येऊ नये हेही लिहावे. ज्याला ताप आहे किंवा जो त्या दिवशी खरोखर आजारी आहे त्याने बरे झाल्यावर यावे. किरकोळ सर्दी असेल तर यायला हरकत नाही. पूर्वी कोणतीही लस घेतल्यावर श्वास लागणे, चेहरा किंवा ओठ सुजणे, चक्कर येऊन पडणे असा त्रास झाला असेल, तर तसे सुई घेण्यापूर्वी सांगावे. ज्यांना पूर्वी फ्लूच्याच लसीनंतर असा गंभीर त्रास झाला त्यांना ही लस देऊ नये, आणि निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांनी घ्यावा.

काय आणावे आणि ते कशासाठी

“आवश्यक कागदपत्रे सोबत आणावीत” या वाक्याने काहीच साधत नाही. माणूस घरातील सगळी कागदपत्रे पिशवीत भरून आणतो, रेशन कार्ड आणि सातबाऱ्यासकट, आणि नेमकी गोळ्यांची पाने घरी राहतात. प्रत्येक वस्तूचे नाव घ्यावे आणि शक्य तेथे अर्ध्या वाक्यात कारण द्यावे.

गरोदर मातेने माता व बाल संरक्षण कार्ड आणावे, कारण महिना त्यावरून कळतो आणि लसीची नोंदही त्यावरच होते. शुगर, बीपी, दमा यांच्या रुग्णांनी चालू असलेल्या गोळ्यांची पाने, दम्याचा पंप असल्यास तो, आणि दवाखान्याची चिठ्ठी आणावी. गोळीचे नाव कोणाला पाठ नसते, पण रिकामे पान समोर ठेवले की पुढचे सगळे समजते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती या पानावरूनच आपल्या लक्षात येते, आणि मग अशा रुग्णाच्या दंडावर सुईची जागा नेहमीपेक्षा जास्त वेळ, दोनेक मिनिटे तरी, दाबून धरायची असते. ओळखीसाठी आधार कार्ड सांगावे, परंतु आधार नाही म्हणून कोणी घरी बसू नये असे वाटत असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून “आधार नसल्यास आशा ताईंना आधी कळवावे” अशी ओळ जोडावी. पोडावरील वृद्धांसाठी ही ओळ फार उपयोगी पडते.

वस्तूंखेरीज दोन गोष्टी लिहायच्या असतात. पहिली म्हणजे जेवून किंवा न्याहारी करून यावे आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच यावे. आपल्याकडे सकाळचे शिबिर म्हटले की शुगरची तपासणी, असा समज पक्का झालेला आहे. शुगरचा रुग्ण गोळी घेऊन उपाशीपोटी रांगेत उभा राहिला, की त्याला घाम सुटतो, हातपाय थरथरतात, आणि बाकीच्यांना वाटते की लसीने झाले. तशी एक चक्कर रांगेच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचली की अर्धी रांग रिकामी होते. दुसरी गोष्ट कपड्यांची. लस दंडाच्या वरच्या भागात, खांद्याच्या जरा खाली, स्नायूत देतात. घट्ट बाहीचे पोलके दंडावर चढत नाही आणि मग सर्वांसमोर खांदा उघडा करावा लागेल या संकोचाने बाई परत फिरते. “सैल बाहीचे पोलके किंवा कुर्ता घालावा” एवढी ओळ पुरते, आणि शिबिराच्या ठिकाणी पडदा लावलेला असेल तर तेही सूचनेत लिहावे.

लसीबद्दल जेवढे खरे आहे तेवढेच

“ही लस घेतल्यास सर्दी-खोकला होणार नाही” असे कधीही लिहू नये. ती फक्त फ्लूच्या विषाणूंपासून, आणि तेही पूर्णपणे नव्हे, संरक्षण देते. फ्लू झालाच तर तो गंभीर होण्याची शक्यता कमी करते. साधी सर्दी, डेंग्यू, मलेरिया यांच्याशी तिचा संबंध नाही. जुलैत साध्या पडशाने बेजार झालेल्या माणसाला खोटे आश्वासन आठवते, आणि पुढच्या वर्षी तो कोणतीच लस घेत नाही.

मागील वर्षी लस घेतलेल्यांनीही यावे, असे स्पष्ट लिहावे. फ्लूचा विषाणू बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते. शिवाय आधीच्या लसीचे संरक्षणही काळाबरोबर कमी होते. सूचनेत एवढे सगळे लिहायचे नाही. “ही लस दरवर्षी घ्यावी लागते” हे पुरे. त्रासाबद्दल मात्र एक वाक्य हवे. हात दुखणे, अंग मोडून येणे, बारीक ताप येणे हे एक-दोन दिवस होऊ शकते. शिबिरात दिल्या जाणाऱ्या सुईच्या लसीतील विषाणू निष्क्रिय केलेले असतात, त्यामुळे तिने फ्लू होत नाही.

तयार मजकूर

वर घेतलेल्या उदाहरणाप्रमाणे सूचना अशी होईल. रिकाम्या जागा आपापल्या गावाप्रमाणे भराव्यात.

> मोफत फ्लू लसीकरण शिबिर
> गुरुवार, दि. ४ जून २०२६, सकाळी ७ ते १०
> ठिकाण : समाज मंदिर, मौजा ________
>
> ही लस कोणासाठी आहे?
> चौथा महिना लागलेल्या व त्यापुढील गरोदर माता. (आईने लस घेतल्यास बाळालाही संरक्षण मिळते. चौथ्या महिन्याआधीच्या मातांनी आरोग्यसेविकेला भेटावे.)
> सिकलसेलचे रुग्ण. (केवळ वाहक असलेल्यांसाठी नाही.)
> दमा किंवा श्वासाचा जुना आजार असलेले.
> शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेले.
> मागील वर्षी लस घेतली असली तरी यावे. ही लस दरवर्षी घ्यावी लागते.
> हे शिबिर लहान मुलांसाठी नाही.
> फक्त बीपी असलेल्यांनी व ६० वर्षांवरील इतरांनी पुढील शिबिरासाठी आशा ताईंकडे नाव नोंदवावे.
>
> येताना काय आणावे?
> आधार कार्ड. नसल्यास आशा ताईंना आधी कळवावे.
> गरोदर मातांनी माता व बाल संरक्षण कार्ड.
> सिकलसेलच्या रुग्णांनी सिकलसेल कार्ड.
> चालू गोळ्यांची पाने, दम्याचा पंप आणि दवाखान्याची चिठ्ठी.
>
> न्याहारी करून व नेहमीच्या गोळ्या घेऊन यावे. येथे रक्ततपासणी नाही. सैल बाहीचे कपडे घालावेत. पडद्याची सोय आहे.
> ताप असल्यास त्या दिवशी येऊ नये. पूर्वी कोणत्याही लसीने गंभीर त्रास झाला असल्यास आधी सांगावे.
> लस घेतल्यावर अर्धा तास थांबावे लागेल. एक-दोन दिवस हात दुखू शकतो किंवा बारीक ताप येऊ शकतो.
> कोणतेही पैसे लागत नाहीत.
>
> वेळ : ________ सकाळी ७ वाजता, ________ व पोड सकाळी ८ वाजता, ________ सकाळी ९ वाजता.
> संपर्क : आशा ताई ________, उपकेंद्र ________

तारखेत साल लिहिण्याचे कारण व्यावहारिक आहे. सूचनेचा फोटो व्हॉट्सॲपवर एकदा गेला की तो शेजारच्या तालुक्यात आणि पुढच्या वर्षीही फिरत राहतो. साल आणि गावांची नावे असली की वाट चुकून कोणी येत नाही.

लावण्यापूर्वी ऐकवून पाहा

ही सूचना वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे अधिक असतात. म्हणून ती पानठेल्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांना किंवा चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बाईला एकदा मोठ्याने वाचून दाखवावी आणि नंतर तीनच प्रश्न विचारावेत : तुमच्या घरून कोण येईल, किती वाजता येईल, आणि सोबत काय आणेल? “आम्ही सगळेच येतो ना” असे उत्तर आले, तर पहिला भाग अजून स्पष्ट व्हायला हवा. “उपाशी यायचे ना?” असा प्रश्न आला, तर न्याहारीची ओळ वर घ्यावी आणि ठळक करावी.

त्यानंतर कागद आठ दिवस आधी ग्रामपंचायत, रेशन दुकान, अंगणवाडी, चक्की आणि एसटी थांब्यावर आडोशाच्या जागी लावावा. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून किंवा कोतवालाच्या दवंडीने आदल्या संध्याकाळी, लोक वावरातून परतल्यावर, फक्त चार गोष्टी पुकाराव्यात : कोणासाठी, कधी, कोठे, आणि न्याहारी करून. संपूर्ण मजकूर भोंग्यावर वाचला तर शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही. पोडावर कोलामी, इतर ठिकाणी गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या आशा ताईंनी हेच चार मुद्दे त्यांच्या बोलीत घरोघर सांगावेत आणि यादीतील प्रत्येकाला वेळेची चिठ्ठी हातात द्यावी. मेळघाटात किंवा पोडावर केवळ कागदावर विसंबून राहिल्यास यादीतील माणसे येत नाहीत, हे गृहीतच धरावे.

साठा आला नाही तर

लस आदल्या दिवसापर्यंत पोहोचली नाही, तर शिबिर पुढे ढकलल्याचे त्याच संध्याकाळी भोंग्यावरून सांगावे आणि फलकावरील जुन्या कागदावर लाल शाईने “रद्द” असे लिहून नवीन तारीख त्यावरच टाकावी. जुना कागद फाडून टाकू नये. ज्याने तो आधी वाचला आहे तो त्याच जागी पुन्हा पाहायला येतो. नवीन तारीख ठरलेली नसेल तर अंदाजाने लिहू नये. “लस आल्यावर आशा ताई घरी येऊन सांगतील, दिलेली चिठ्ठी जपून ठेवावी” असे लिहावे, आणि त्या चिठ्ठ्या नवीन तारखेलाही तशाच चालतील याची नोंद आपल्या वहीत करून ठेवावी.